विषय: केशर-गुलाब डे क्रीममधल्या सुगंधाच्या घटकांची पूर्ण नावं पाठवा

नमस्कार,

तुमची केशर-गुलाब डे क्रीम (५० ग्रॅम, बॅच केजी-०३१७) मी ३ मार्चला कोपरखैरण्यात आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलमधून घेतली. पहिले चार दिवस काहीच झालं नाही, पाचव्या दिवशी ट्रेनमध्ये मानेला खाज सुटली, मला वाटलं घामोळं असेल, पण ठाण्याला उतरेपर्यंत पापण्या सुजल्या आणि दुसऱ्या दिवशी गालांवर बारीक पुरळ आलं. ऑफिसमध्ये दोन दिवस गॉगल लावून बसले. फोटो, बिल आणि डबीच्या मागच्या बाजूचा फोटो जोडलाय.

वाशीच्या स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस पाठ भिजवायची नाही (या उकाड्यात!), मग काढून दोन दिवसांनी परत बघितलं. 'फ्रॅग्रन्स मिक्स १' पॉझिटिव्ह आलं. पण त्या मिक्समध्ये युजेनॉल, जेरॅनिऑल, सिनामल धरून आठ पदार्थ असतात, त्यातला नेमका कुठला मला चालत नाही ते अजून कळायचंय, आणि तुमच्या डबीवर 'परफ्यूम' एवढा एकच शब्द छापलाय.

तुमच्या कस्टमर केअरच्या ताई फोनवर म्हणाल्या की क्रीम नॅचरल आहे, त्वचारोगतज्ज्ञांनी टेस्ट केलेली आहे, पैसे परत देतो. अहो, गुलाबाच्या तेलातही जेरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल असतंच की, नॅचरल म्हटलं म्हणून अॅलर्जी होत नाही असं थोडीच आहे. आणि मला पैसे नकोत, नावं हवीयत.

फॉर्म्युला मागत नाहीये, प्रमाणही सांगू नका. परफ्यूममध्ये काय काय आहे त्याची सगळी नावं द्या, त्यात घातलेली इसेन्शियल ऑइल्स आणि वास दाबायला काही वापरलं असेल तर तेही. तुमच्याकडे सुगंध पुरवणाऱ्या कंपनीचं अॅलर्जनचं स्टेटमेंट असणारच, त्याची कॉपी दिलीत तरी माझं काम होईल. युरोपात लावून ठेवायच्या क्रीममध्ये यादीतला सुगंधी अॅलर्जन ०.००१ टक्क्याच्या वर असला की त्याचं नाव लेबलवर लिहावंच लागतं, आधी यादीत २६ होते, २०२३ मध्ये ती ८० च्या पुढे नेली. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये. याच क्रीमचं जुनं, पांढऱ्या डबीतलं पॅक मी वर्षभर वापरलं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं, तर मध्ये परफ्यूम बदललाय का तेही सांगा.

२६ तारखेला डॉक्टरांकडे परत जायचंय, आठही पदार्थांची वेगवेगळी टेस्ट आहे, तुमची यादी हातात असली तर आणखी काय तपासायचं ते त्यांना ठरवता येईल. त्यामुळे २४ पर्यंत याच मेलवर लेखी उत्तर द्या, फोन नको, फोनवर सांगितलेली केमिकलची नावं मला लिहून घेता येणार नाहीत. उरलेली क्रीम मी ठेवलीय, तपासायला हवी असेल तर थोडी पाठवते, पण सगळी नाही, डॉक्टरांनाही लागणार आहे.

स्नेहल
कोपरखैरणे, नवी मुंबई