अभिहस्तांतरणाबाबत दिनांक ११ जुलै २०२४ च्या अनुत्तरित पत्राचे स्मरणपत्र आणि उत्तरासाठी अंतिम मुदत

जावक क्रमांक : ३१/२०२४-२५
दिनांक : २० सप्टेंबर २०२४
नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह

प्रति,
सर्व भागीदार,
आमच्या इमारतीचे प्रवर्तक व बांधकाम व्यावसायिक,
पुणे

विषय : सिंहगड रस्ता, पुणे येथील आमच्या ३२ सदनिकांच्या इमारतीचे व तिच्याखालील जमिनीचे संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण करून देणे, तसेच सदनिकाधारकांकडून घेतलेल्या रकमांचा हिशेब देणे.

संदर्भ : १. संस्थेचे पत्र, जावक क्रमांक १८/२०२४-२५, दिनांक ११ जुलै २०२४.
२. संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा दिनांक १८ ऑगस्ट २०२४ चा ठराव.

महोदय,

संदर्भ क्रमांक १ चे पत्र संस्थेने आपल्याला नोंदणीकृत टपालाने पाठविले होते. ते आपल्या कार्यालयात सोमवार, दिनांक १५ जुलै २०२४ रोजी स्वीकारले गेल्याची, आपल्या कार्यालयाचा शिक्का असलेली पोचपावती आमच्या दप्तरी आहे. त्या पत्रात उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत दिली होती आणि ती १४ ऑगस्ट २०२४ रोजी संपली. आज त्या गोष्टीलाही ३७ दिवस उलटले असून आपल्याकडून होकार, नकार किंवा मुदतवाढीची विनंती यांपैकी काहीही लेखी आलेले नाही. म्हणून हे स्मरणपत्र पाठवीत आहोत. ते पहिले असले, तरी या विषयावरचे शेवटचेही हेच राहील.

मधल्या काळात काहीच बोलणे झाले नाही असे नाही. संस्थेचे खजिनदार व मी दिनांक २२ ऑगस्ट रोजी आपल्या कार्यालयात आलो होतो. त्या वेळी आम्हाला प्रथम "साहेब बाहेरगावी आहेत" असे आणि नंतर "फाइल वकिलांकडे आहे" असे सांगण्यात आले. त्यानंतर ४ सप्टेंबर रोजी दूरध्वनीवर आपल्या व्यवस्थापकांनी, गणपती झाल्यावर बघू आणि पुढे पितृपक्ष असल्याने दस्ताचे काम लगेच होणार नाही, असे कळविले. आपल्या रिवाजाबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. परंतु पत्राचे उत्तर लिहिण्यासाठी मुहूर्त लागत नाही, आणि दस्त नंतर करायचा असला तरी त्याचा मसुदा आज पाठविता येतो. या तोंडी बोलण्यांना संस्था आमच्या पत्राचे उत्तर मानत नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

मूळ पत्रातील मागण्या थोडक्यात पुन्हा मांडतो. इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला नोव्हेंबर २०११ मध्ये मिळाला, डिसेंबर २०११ पासून सदनिकांचे ताबे देण्यात आले आणि संस्थेची नोंदणी दिनांक १९ मार्च २०१३ रोजी झाली. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या अधिनियमाचे, म्हणजे सर्वजण ज्याला 'मोफा' म्हणतात त्या कायद्याचे कलम ११ आणि त्याखालील नियम ९ यांनुसार, करारनाम्यात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांच्या आत जमीन व इमारत यांतील हक्क संस्थेच्या नावे करून देणे हे प्रवर्तकाचे कर्तव्य आहे. आपण सभासदांशी केलेल्या नोंदणीकृत करारनाम्यांत वेगळी मुदत नाही. म्हणजे हे काम जुलै २०१३ मध्ये पूर्ण व्हायला हवे होते. त्याला आता अकरा वर्षे होऊन गेली आहेत. या काळात संस्थेचे तीन सचिव बदलले, इमारतीला दोनदा रंग दिला गेला, पण जमिनीच्या सातबाऱ्यावरील नावे मात्र होती तीच आहेत.

दिरंगाईमुळे नेमके काय बिघडते आहे, हे मूळ पत्रात सविस्तर लिहिले नव्हते. ते येथे लिहिणे आवश्यक वाटते. आमच्या करारनाम्यांच्या परिशिष्ट 'अ' मध्ये वर्णन केलेली जमीन तीन बंधूंच्या सामाईक मालकीची होती आणि त्यांनी आपल्याला विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र दिलेले होते. २०१३ मध्ये दस्त झाला असता, तर या तिघांच्या वतीने आपण आणि आपल्या वतीने आपण, एवढ्या सह्यांवर काम भागले असते. मार्च २०२३ मध्ये त्यांपैकी मधल्या बंधूंचे निधन झाले. त्यांच्या वारसांची नोंद अद्याप महसुली दप्तरात झालेली दिसत नाही, आणि त्यांच्या हिश्श्यापुरते जुने कुलमुखत्यारपत्र आता कितपत चालेल, हा प्रश्न आमच्या वकिलांनी उपस्थित केला आहे. जितकी वर्षे जातील तितके वारस वाढतील, तितक्या सह्या वाढतील, आणि एखादा वारस परगावी किंवा परदेशी असला तर हे काम आणखी रेंगाळेल. ही अडचण संस्थेने निर्माण केलेली नाही. तरीही तिचा भार शेवटी ३२ कुटुंबांवरच पडणार आहे.

दुसरी गोष्ट इमारतीच्या पूर्वेकडील मोकळ्या जागेची आहे. मे महिन्यात दोन मोजणीदार त्या जागेची मापे घेऊन गेले आणि विचारले असता त्यांनी आपल्या कार्यालयाने पाठविल्याचे सांगितले. ही मोजणी कशासाठी होती, हे आम्ही ११ जुलैच्या पत्रात विचारले होते. मंजूर नकाशात ती जागा मोकळी दाखविलेली आहे. सदनिकाधारकांना दाखविलेल्या नकाशांत नसलेले बांधकाम त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय करण्यास उपरोक्त अधिनियमाचे कलम ७ आडवे येते, याची जाणीव आपल्याला असेलच. आमचा संशय चुकीचा असेल, तर तसे एका ओळीत लिहून कळविणे आपल्याला अवघड जाऊ नये.

तिसरी गोष्ट पैशांची. ताबा देताना आपण प्रत्येक सदनिकेमागे दोन वर्षांच्या देखभालीपोटी ४५,००० रुपये घेतले. ३२ सदनिकांचे ते १४,४०,००० रुपये होतात. कारभार संस्थेकडे सोपविताना आपणच दिलेल्या हिशेबात ९,६५,००० रुपये खर्च दाखविला आहे. उरलेल्या ४,७५,००० रुपयांपैकी २,००,००० रुपये २०१४ मध्ये धनादेशाने संस्थेच्या खात्यात जमा झाले. बाकीचे २,७५,००० रुपये आजतागायत आलेले नाहीत. याशिवाय संस्थेची नोंदणी, अभिहस्तांतरण आणि अनुषंगिक कायदेशीर खर्च या सदराखाली प्रत्येकी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ३,८४,००० रुपये आपण स्वीकारले असून त्याच्या पावत्या सभासदांकडे आहेत. ज्या कामाचा खर्च आगाऊ घेतला, ते काम झालेले नाही आणि त्या रकमेचा हिशेबही नाही. कलम ५ प्रमाणे अशा रकमा स्वतंत्र बँक खात्यात ठेवून ज्या कारणासाठी घेतल्या त्याच कारणासाठी वापरावयाच्या असतात.

वरील सर्व लक्षात घेऊन संस्था आपल्याला अंतिम मुदत देत आहे ती अशी : सोमवार, दिनांक १४ ऑक्टोबर २०२४, सायंकाळी ५ वाजेपर्यंत आपले लेखी उत्तर संस्थेच्या कार्यालयात पोहोचले पाहिजे. पितृपक्ष, नवरात्र आणि १२ ऑक्टोबरचा दसरा हे सारे त्याआधी होऊन जातात. मुदत ठरविताना ते मुद्दाम पाहिले आहे.

उत्तर म्हणजे काय, याबद्दलही गैरसमज राहू नये. त्यावर किमान एका भागीदाराची सही असावी. त्यासोबत अभिहस्तांतरण दस्ताचा मसुदा, विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र यांच्या प्रती, मंजूर नकाशा व पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत आणि वर लिहिलेल्या दोन्ही रकमांचा हिशेब असावा. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदविण्याची तारीख त्यात लिहिलेली असावी आणि ती ३० नोव्हेंबर २०२४ च्या पुढची नसावी. भ्रमणध्वनीवरील संदेश, तोंडी निरोप किंवा "काम चालू आहे" एवढ्याच आशयाचे पत्र यांना उत्तर समजले जाणार नाही.

वारसांच्या बाबतीत आपल्यासमोर खरोखर अडचण असेल, तर ती याच मुदतीत लिहून कळवावी. जमीनमालकांच्या कुटुंबाशी आमच्या काही ज्येष्ठ सभासदांचा चांगला परिचय आहे आणि वारसांच्या भेटी घालून देण्यास, त्यांना कागद समजावून सांगण्यास ते तयार आहेत. सदनिकांच्या करारनाम्यांवर सभासदांनी भरलेल्या मुद्रांक शुल्काचे पुरावे, सूची क्रमांक २ चे उतारे आणि सभासदांची यादी आम्ही एकत्र करून ठेवली आहे, त्यामुळे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी जाताना आमच्या बाजूने एक दिवसही वाया जाणार नाही. परंतु अडचण कळविल्याने मुदत आपोआप वाढणार नाही. ती वाढल्याचे संस्थेने लेखी कळविले तरच वाढेल.

या मुदतीत वरीलप्रमाणे उत्तर न आल्यास, १८ ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेने एकमताने दिलेल्या अधिकारानुसार, संस्था आपल्याला पुन्हा कोणतीही सूचना न देता कलम ११(३) अन्वये सक्षम प्राधिकारी, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे एकतर्फी मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज दाखल करील. अर्जाचा मसुदा तयार आहे. ११ जुलैचे पत्र, त्याची पोचपावती आणि हे स्मरणपत्र त्या अर्जाला जोडले जाईल. रकमांच्या वसुलीसाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा, तसेच कलम १३ खाली फौजदारी तक्रार करण्याचा संस्थेचा हक्क अबाधित आहे, आणि त्या कार्यवाहीच्या खर्चाची मागणीही आपल्याकडेच केली जाईल. मानीव अभिहस्तांतरणाच्या मार्गाने दस्त झाला तरी हिशेब देण्याची आपली जबाबदारी संपत नाही, हेही लक्षात घ्यावे.

हा मार्ग आम्हाला हौसेने धरायचा नाही. इमारतीचे बांधकाम चांगले आहे, हे आमचे सभासद आजही सांगतात, आणि पहिल्या काही वर्षांत गळतीच्या तक्रारी आपण तत्परतेने निवारल्या, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण त्यामुळे दस्ताची गरज कमी होत नाही.

व्यवस्थापक समितीचे पदाधिकारी दिनांक ६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत संस्थेच्या कार्यालयात उपस्थित राहतील. मसुद्यावर समक्ष चर्चा करावयाची असल्यास आपण किंवा आपले वकील त्या वेळी यावे. झालेल्या चर्चेचे टिपण दोन्ही बाजूंच्या सह्यांनी तेथेच केले जाईल.

कळावे,

आपला विश्वासू,
(सही)
सचिव,
व्यवस्थापक समितीकरिता व तिच्या वतीने
(संस्थेचा शिक्का)

सोबत : दिनांक ११ जुलै २०२४ च्या पत्राची व पोचपावतीची छायाप्रत, दिनांक १८ ऑगस्ट २०२४ च्या ठरावाची सत्यप्रत, आपण २०१३ मध्ये दिलेल्या हिशेबाची छायाप्रत, कायदेशीर खर्चापोटी दिलेल्या ३२ पावत्यांच्या प्रती.

प्रत माहितीसाठी : मूळ जमीनमालक व त्यांचे वारस, संस्थेचे वकील.