पाडवा ते संक्रांत: दुकानाच्या पेजवरच्या वर्षभराच्या पोस्ट

गुढीपाडवा

गुढी उभारून झाली का सगळ्यांची? आमची सकाळी लवकरच उभारली, कारण पाडव्याला दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी दोनचार जण उभे असतात आणि त्यांना थांबवून ठेवायला बरं वाटत नाही. नववर्षाच्या मनापासून शुभेच्छा!

सोन्याचे भाव बघून यंदा बरेच जण म्हणतायत की मुहूर्ताचं काय घेणार. अहो, मुहूर्ताला मोठंच घ्यायला पाहिजे असं कुठं आहे, एक ग्रॅमचं वळं पण चालतंय. (खऱ्या सोन्याचं एक ग्रॅम बरं का, ते पॉलिशवालं ‘वन ग्रॅम’ नव्हे!) साधी वळी एक ग्रॅमपासून तयार आहेत. आज रात्री नऊपर्यंत आहोत.

अक्षय्य तृतीया

अक्षय्य म्हणजे न संपणारं. तुमच्या घरातलं हसणंखेळणं तसंच राहो 🙏

आज गर्दी असणार, आणि गर्दीत माणूस पटकन डिझाइन पसंत करतो आणि बाकीचं बघायचं राहून जातं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. दागिन्यावर तीन खुणा असतात त्या बघून घ्या: बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, शुद्धता म्हणजे बावीस कॅरेटला 22K916 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. तो नंबर BIS Care ॲपमध्ये टाकला की दागिना कुठल्या प्रकारचा, शुद्धता किती, ते दिसतं. काउंटरवर भिंग ठेवलंय, मागायला लाजू नका, आमच्याकडे बघा आणि दुसरीकडे घेतलंत तर तिथंपण बघा. बिलात वजन, शुद्धता, घडणावळ वेगवेगळी लिहून मिळेल.

वटपौर्णिमा

सगळ्या मैत्रिणींना, वहिनींना, काकूंना वटपौर्णिमेच्या शुभेच्छा.

एक विनंती. वडाला फेऱ्या मारायला जायच्या आधी मंगळसूत्राची पोत एकदा उजेडात धरून बघा. रोज अंगावर असल्यामुळे ती कधी झिजली ते कळतच नाही, आणि तुटते ती नेमकी गर्दीत. मागच्या वर्षी एक काकू पदराच्या गाठीत काळे मणी बांधून आल्या होत्या, वाट्या नशिबानं ब्लाउजमध्ये अडकून राहिलेल्या, बिचाऱ्यांचा जीव किती खालीवर झाला असेल. या आठवड्यात पोत ओवून देण्याची मजुरी घेणार नाही, मणी कमी पडले तर तेवढ्याचेच पैसे. वाट्या त्याच राहतील, लग्नातल्या. नवीन डिझाइन बघायचंच असेल तर छोटी, रोज ऑफिसला घालायची पण आली आहेत, पण आधी जुनी पोत दाखवा.

राखीपौर्णिमा

ताईला काय द्यायचं हे तिच्या भावाला राखी बांधायच्या पाच मिनिटं आधी आठवतं, हे आम्हाला पक्कं माहितीये 😄 म्हणून त्या दिवशी सकाळी आठला उघडतोय. चांदीची जोडवी, पैंजण, छोटे कानातले, डबीसकट पॅक करून मिळेल. पैंजणाचं माप नसेल तर तिचा जुना पैंजण गुपचूप उचलून आणा.

गणपती

बाप्पा मोरया! आमच्याकडून बाप्पाला नमस्कार सांगा.

चांदीच्या दूर्वा, जास्वंद, मोदकहार आणि मुकुट आहेत. मुकुटासाठी मूर्तीच्या डोक्याचा घेर दोऱ्यानं मोजून आणा, फोटोवरून अंदाज चुकतो, आणि मग मुकुट बाप्पाच्या कानावर येतो. मागच्या वर्षीचे दागिने काळे पडले असतील तर घाबरू नका, चांदी हवेतल्या गंधकामुळे काळी पडते, तिची शुद्धता त्यानं जात नाही. पॉलिशला टाकायचे असतील तर चतुर्थीच्या चार दिवस आधी द्या. आदल्या संध्याकाळी आणलेत तर आम्ही नाही म्हणणार नाही, पण कारागिराचा चेहरा बघवत नाही.

गौरी

माहेरवाशिणी आल्या! त्यांच्या गळ्यात कुणाच्या आजीची बोरमाळ, कुणाच्या सासूबाईंचा लक्ष्मीहार, आणि फोटो काढताना सगळ्या विचारणार, अगं हा कुणाचा? तुमच्या गौरीचा फोटो कमेंटमध्ये टाका आणि कुठला दागिना कुणाचा ते पण लिहा, आम्हाला वाचायला फार आवडतं.

जुन्या हाराची कडी सैल झाली असेल, पुतळ्या निसटत असतील तर मोडीत काढायच्या आधी दाखवा. खूप वेळा नुसता टाका लावून काम होतं. आणि आईच्या हाराची जोडी लेकीसाठी हवी असेल तर तोच हार समोर ठेवून तसाच घडवून देतो, वेळ मात्र लागतो, घाई करू नका.

दसरा

कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या, रघुराजाचा खजिना रिकामा, आणि मग कुबेरानं आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला अशी गोष्ट आहे. तेव्हापासून आपण पानं देऊन म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखे रहा.

आज दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडून आपट्याचं पान. त्याला घडणावळ नाही, जीएसटी नाही 😄 खरेदी करायची नसली तरी या. करायची असेल तर ठुशी आणि चिंचपेटी नव्या घडणीत आल्या आहेत.

धनत्रयोदशी

दिव्यांच्या आणि आरोग्याच्या शुभेच्छा. चांदीची नाणी, निरांजन, समई काउंटरच्या डाव्या बाजूला, सोनं उजव्या. नाणं घेताना वजनाबरोबर शुद्धता पण विचारा. लहान मुलं आणि आजीआजोबांसाठी आत बसायची सोय केली आहे.

पाडवा आणि भाऊबीज

पाडव्याला ओवाळणीत काय घालायचं हा प्रश्न पडलेल्या समस्त नवरोबांना: तिनं गेल्या सहा महिन्यांत लग्नकार्यात कुणाच्या कानाकडे टक लावून बघितलं ते आठवा. आठवत नसेल तर कुड्या घ्या, मोत्याच्या कुड्या न आवडलेली बाई आम्ही अजून बघितली नाही. बदलून हवं असेल तर बिलासकट आठ दिवसांत या.

मोती घेतलेत तर एक सवय लावून घ्या, अत्तर आणि पावडर आधी, मोती सगळ्यात शेवटी, आणि काढताना सगळ्यात आधी मोती काढून मऊ कापडानं पुसून ठेवा.

भाऊबीजेला दुकान दुपारी दोनला बंद, कारण आमच्या पण बहिणी वाट बघतायत.

संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला!

नव्या सुनेला आणि बाळाला हलव्याचे दागिने घालायचा हा महिना, आणि त्या दागिन्यांपुढे आमचं काय चालणार, तिथं मुंग्यांची स्पर्धा आहे! पण बोरनहाण झालं की हलवा उतरतो आणि बाळाचे पाय मोकळे राहतात. चांदीचे वाळे आणि मनगट्या आहेत, कडा गुळगुळीत घासलेल्या, माप थोडं वाढवता येणारे. घुंगरू हवेत की नकोत ते सांगा. घुंगरांचे घेतलेत तर दर महिन्याला बोटानं हलवून बघा, सैल झालेला घुंगरू बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. सैल वाटला तर लगेच आणा, पक्का करून देतो, त्याचे पैसे नाहीत. बाळाला पण घेऊन या, वाळे पायात घालून बघितल्याशिवाय माप कळत नाही आणि आम्हालाही जरा खेळायला मिळतं.