फॉर्म भरायच्या आधी

(सुभाषनगर, कोल्हापूर. रात्रीची जेवणं झाली आहेत. वडील कापशी चपलेचा पट्टा शिवत बसलेत.)

मुलगा: आबा, सीईटीचा फॉर्म भरायचा न्हाई मला.

वडील: का रं? क्लासात कोण काय बोललं?

मुलगा: न्हाई. मार्क बरं पडतात. पण इंजिनिअर व्हायचंच न्हाई मला. चपलेतच काम करायचंय.

वडील: (हातातली आरी खाली ठेवत) परत बोल.

मुलगा: एफडीडीआय म्हणून केंद्र सरकारची संस्था हाय, नोएडाला. बारावीनंतर चार वर्षं फुटवेअर डिझाइन. परीक्षा वेगळी असते.

वडील: चपला शिकाय नोएडाला? वेणी घालाय तर तू चौथीतच शिकलास, माझ्याजवळ बसून.

मुलगा: शिवाय येतंय. फर्मा कसा काढायचा, तळ कुठं वाकला पाहिजे, ते येत न्हाई. नवी चप्पल चावते म्हणून गिऱ्हाईक तेल लावून ठेवतंय. पावसात घालता येत न्हाई म्हणून जूनपासनं तुमचं काम थंड. ह्यावर कुणीतरी डोकं चालवाय पाहिजे की.

वडील: तुझा आजा कातडं कमवायचा. चुना, बाभळीची साल, हिरडा. हाताचा वास मरेपर्यंत गेला न्हाई. लोक पैसं लांबनं टाकायचे, त्यो वेचून घ्यायचा. शाहू महाराजांनी १९०२ ला मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. एवढी वर्सं गेली, आपल्या घरात अजून एकबी साहेब झाला न्हाई. तू पहिला होशील म्हणून तुझी आई सगळ्या गल्लीला सांगत फिरती. आणि तू परत आरी धरणार?

मुलगा: आज्यानं काय सोसलं ते ठाऊक हाय मला. पण आबा, लाज पैसं टाकणाऱ्यांना वाटाय पाहिजे हुती. आपण कातड्याची लाज का धरायची? २०१९ ला कोल्हापुरीच्या नावाला जीआयचं कायदेशीर संरक्षण मिळालं. तरी रेक्झिनच्या चपला आपल्या नावावर खपतात आणि तुमच्या जोडाचा भाव व्यापारी ठरवतो. मला भाव ठरवणारा व्हायचंय.

वडील: आणि न्हाई जमलं तर?

मुलगा: बुटांच्या कंपनीत नोकरी बघीन. तुमच्या जिवावर बसणार न्हाई.

वडील: मला भ्या वाटतंय, बाळा. तुझी पाठ माझ्यागत वाकल्याली मला बघवणार न्हाई.

मुलगा: म्हणून तर शिकून करतो म्हणतोय.

वडील: ...दोन्ही फॉर्म भर. सीईटीबी दे, जीव लावून दे. त्या नोएडाची फी किती, हॉस्टेल किती, सगळं कागदावर लिहून आण. समाजकल्याणच्या हापिसात जाऊन स्कॉलरशिपचं विचार. मग बोलू.

मुलगा: आणि मामा? क्लासची फी त्यांनी भरलीया.

वडील: त्याला मी सांगतो. आईला तू सांग. आणि हे बघ, उद्या सकाळी. आत्ता न्हाई, रातभर झोपायची न्हाई ती.