सामाईक वीजवापरासाठी गच्चीवर सौर प्रकल्प बसविण्याबाबत सभासदांना पत्र

पारिजात सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
औसा रोड परिसर, लातूर
दिनांक : 2 जानेवारी 2026

प्रति,
सर्व सन्माननीय सभासद,
अ आणि ब विंग

विषय : लिफ्ट, पाण्याच्या मोटारी व सामाईक दिवाबत्तीसाठी संस्थेच्या गच्चीवर 15 किलोवॅट क्षमतेचा सौर प्रकल्प बसविण्याचा प्रस्ताव व त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा.

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

व्यवस्थापक समितीच्या डिसेंबरमधील बैठकीत ठरल्याप्रमाणे वरील प्रस्ताव आपल्यासमोर ठेवीत आहे. सभेत आकड्यांवरून गोंधळ होऊ नये आणि प्रत्येकाला घरी बसून शांतपणे विचार करता यावा, म्हणून पत्र थोडे सविस्तर लिहिले आहे. ते शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

संस्थेच्या सामाईक मीटरवर 2025 या वर्षात एकूण 21,040 युनिट वीज वापरली गेली आणि त्यापोटी महावितरणला आपण 3,04,600 रुपये भरले, म्हणजे महिन्याला सरासरी पंचवीस हजारांच्या वर. दोन्ही लिफ्ट, बोअरची मोटार, खालच्या हौदातून वरच्या टाकीत पाणी चढविणाऱ्या दोन मोटारी, जिने, पार्किंग, गेट आणि कॅमेरे असा हा सगळा भार आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापराला घरगुती दर लागतो, त्यामुळे आपल्याला वीज स्वस्त पडत असावी असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. 48 घरांचा सामाईक वापर एकाच मीटरवर मोजला जात असल्याने महिन्याची पहिली 500 युनिटे पहिल्या दहा दिवसांतच संपतात आणि उरलेला सगळा वापर सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने आकारला जातो. दिवे बदलून, मोटारींच्या वेळा बांधून जेवढी बचत होण्यासारखी होती तेवढी आपण केलेली आहे. आता बिल कमी करायचे तर वीज स्वतः तयार करणे हाच मार्ग समितीला दिसतो.

प्रस्तावित प्रकल्पात 540 वॅटची 28 पॅनेल आणि एक थ्री-फेज इन्व्हर्टर असेल. आपल्या भागात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरण्याची पद्धत आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर असले तरी पॅनेल तापले की त्याची कार्यक्षमता घटते, धूळ बसते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ दिवसांचा फटका बसतो. हे लक्षात घेऊन समितीने वर्षाला 20,250 युनिटे एवढाच अंदाज धरला आहे. क्षमता मुद्दाम आपल्या वापरापेक्षा किंचित कमी ठेवली आहे. नेट मीटर पद्धतीत दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, तिची नोंद होते आणि रात्री वापरलेली युनिटे तिच्यातून वजा होतात. महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्यात जमा धरली जाते. 31 मार्चला मात्र हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण मोजतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे विकण्यासाठी मोठा प्रकल्प उभारण्यात आपला फायदा नाही. सामाईक मीटरचा मंजूर भार 20 किलोवॅट असल्याने 15 किलोवॅटला तो वाढवून घेण्याचीही गरज पडणार नाही.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली अशी की, या प्रकल्पामुळे कोणाच्याही घरचे वीजबिल कमी होणार नाही; बचत होईल ती संस्थेच्या खर्चात, आणि तिचा लाभ मासिक देखभाल शुल्कातून मिळेल. दुसरी गोष्ट, वीज गेल्यावर हा प्रकल्पही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून जाळ्यातील पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टर आपोआप थांबतो, मग बाहेर कितीही ऊन असो. म्हणून लिफ्टसाठीचा जनरेटर जसा आहे तसाच राहील. बॅटरीचा पर्याय आम्ही पाहिला, पण तिची किंमत आणि काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्च पाहता तो सोडून दिला.

खर्चाचा हिशेब असा आहे. उंच सांगाडा, वायरिंग, अर्थिंग, वीजरोधक, नेट मीटर, संरचना अभियंत्याची तपासणी आणि कर धरून एकूण 8,60,000 रुपये लागतील. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. आपल्याला त्यानुसार 2,70,000 रुपये मिळू शकतात. हे अनुदान प्रकल्प सुरू होऊन तपासणी झाल्यावर संस्थेच्या खात्यात जमा होते, म्हणून सुरुवातीची सगळी रक्कम आपल्यालाच उभी करावी लागेल. योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत असल्याने निर्णय फार लांबणीवर टाकता येणार नाही.

आपण तीन ठेकेदारांकडून दरपत्रके घेतली. त्यांतील सर्वांत स्वस्त दरपत्रक एकूण खर्चाच्या अंदाजापेक्षा जवळपास नव्वद हजारांनी कमी होते आणि समितीतील काही सदस्यांचा कल साहजिकच तिकडे होता. बारीक वाचल्यावर लक्षात आले की त्यात बाहेरून आयात केलेल्या सेलची पॅनेल धरली होती. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही देशातच बनलेले असावे लागतात. नव्वद हजार वाचविण्यासाठी पावणेतीन लाख घालविण्यात अर्थ नव्हता. तिन्ही दरपत्रके कार्यालयात ठेवली आहेत. कोणाही सभासदाने येऊन पाहावीत. ‘एक रुपयाही भरू नका, फक्त युनिटमागे पैसे द्या’ असाही एक प्रस्ताव आला होता. पण त्यात गच्ची दीर्घ मुदतीच्या कराराने बांधली जाते आणि बचतीचा मोठा वाटा दुसऱ्याच्या खिशात जातो. समिती त्याची शिफारस करीत नाही.

रक्कम उभी करण्यासाठी समितीचा प्रस्ताव असा आहे की, 5,00,000 रुपये संस्थेच्या राखीव ठेवीतून सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने घ्यावेत आणि उरलेले 3,60,000 रुपये प्रत्येक सदनिकेमागे 7,500 रुपये याप्रमाणे, 2,500 रुपयांच्या तीन मासिक हप्त्यांत जमा करावेत. अनुदान आले की ते थेट ठेवीत परत जाईल. स्थिर आकार तर भरावाच लागणार आहे. तो आणि पावसाळ्यातील थोडीफार तूट सोडून बिलात वर्षाला सुमारे 2,40,000 रुपयांची बचत धरता येते. त्यातून विमा आणि साफसफाईचे 20,000 वजा केले तर 2,20,000 रुपये उरतात. या बचतीतून आधी ठेवीतील उरलेले 2,30,000 रुपये भरून काढावेत आणि त्यानंतर प्रत्येक सदनिकेचे मासिक शुल्क 350 रुपयांनी कमी करावे, असे समितीला वाटते. विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात. तरीही अनुदान धरून तीन वर्षांच्या आसपास सगळा खर्च वसूल होईल. पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी 25 वर्षांची असते. इन्व्हर्टरचे आयुष्य त्याहून बरेच कमी असते, म्हणून बचतीतील काही भाग दरवर्षी त्यासाठी बाजूला ठेवावा लागेल.

तळमजल्यावरील काही सभासदांनी विचारले आहे की, आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग सारखी वर्गणी का? प्रश्न रास्त आहे. पण आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च, वापर असो वा नसो, त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा असतो, आणि आजही आपण तसेच करतो. जसा खर्च समान, तशी पुढची कपातही समान राहील. शिवाय मोटारींचा भार लिफ्टपेक्षा कमी नाही, आणि पाणी तळमजल्यालाही लागतेच.

सर्वांत वरच्या मजल्यावरील सभासदांना गळतीची काळजी आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्लॅबला एकही छिद्र पाडले जाणार नाही. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहील आणि ठोकळे ठेवण्यापूर्वी अ विंगच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग तपासून घेतले जाईल. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला आहे, त्यामुळे इमारतीच्या डोक्यावर वजन वाढविण्याची गोष्ट या जिल्ह्यात कोणी सहज घेत नाही, आणि घेऊही नये. संरचना अभियंत्याचे लेखी प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय ठेकेदाराला पहिला हप्ता देणार नाही, अशी अट करारात असेल. वादळी वाऱ्याचा जोरही त्याच तपासणीत धरला जाईल.

पॅनेल अ विंगच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूमच्या आणि टाकीच्या दक्षिणेकडच्या भागात बसतील. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या ओळीतील इतर पॅनेलांची निर्मिती घटते, म्हणून सावली उत्तरेला पडावी अशी ही मांडणी आहे. सुमारे 1,500 चौरस फूट जागा त्यात जाईल. ब विंगची गच्ची पूर्ण मोकळी राहील. उन्हाळ्यात कुरडया-पापडांचे वाळवण आता सर्वांनाच तेथे घालावे लागेल. सांगाडा आठ फूट उंच असल्याने खाली जागा आहे, असे कोणी सुचवले होते, पण पॅनेलखालच्या सावलीत वाळवण वाळायचे नाही.

धुण्याच्या पाण्याबद्दलही बोलले पाहिजे. ज्या शहरात 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे काचा धुण्यासाठी पाणी खर्च करणे कोणालाही खटकेल. महिन्यातून दोन वेळा, सकाळी काचा थंड असताना, बादली आणि वायपरने पुसून घेण्याचे काम वॉचमनकडे वेगळ्या मोबदल्यावर दिले जाईल. पाइप लावून धुण्यास मनाई राहील. बोअरचे पाणी वापरता येणार नाही, कारण त्यातील क्षारांचा पांढरा थर काचेवर बसतो. नळांच्या तोट्यांवर तो आपण रोज पाहतोच. पावसाळ्यात हे काम लागत नाही. गारपिटीसाठी विमा घेतला जाईल. लहान गारा पॅनेलची काच सहन करते, पण काही वर्षी आपल्याकडे पडतात तशा मोठ्या गारांची खात्री कोणी देत नाही.

या प्रस्तावावर निर्णय घेण्यासाठी रविवार, दिनांक 18 जानेवारी 2026 रोजी सकाळी 10.30 वाजता अ विंगच्या पार्किंगमध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलाविण्यात येत आहे. सभेपुढे पुढील ठराव मांडला जाईल : “संस्थेच्या अ विंगच्या गच्चीवर सामाईक वीजवापरासाठी 15 किलोवॅट क्षमतेचा, नेट मीटरशी जोडलेला सौर प्रकल्प एकूण 8,60,000 रुपयांच्या मर्यादेत उभारण्यास, त्यासाठी राखीव ठेवीतून 5,00,000 रुपये वापरण्यास व प्रत्येक सदनिकेकडून 7,500 रुपये घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे, आणि अनुदान व नेट मीटरसाठी अर्ज करण्याचा अधिकार व्यवस्थापक समितीस देत आहे.”

लेखी हरकती किंवा सूचना 14 जानेवारीपर्यंत कार्यालयात द्याव्यात. त्यांची उत्तरे सभेतच दिली जातील. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या सभासदांना हे पत्र व्हॉट्सअॅपवर आणि टपालाने, दोन्ही प्रकारे पाठवीत आहे. सदनिका भाड्याने दिली असल्यास वर्गणीची जबाबदारी मालक सभासदाची राहील, भाडेकरूची नाही. ज्यांना तीन हप्त्यांत रक्कम भरणे अवघड आहे त्यांनी मला किंवा खजिनदारांना एकट्याने भेटावे; मुदत वाढवून देता येईल आणि त्याची वाच्यता होणार नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
वै. शि. बिराजदार
सचिव
व्यवस्थापक समितीच्या वतीने

सोबत : 2025 च्या बारा वीजबिलांचा तक्ता, गच्चीचा आराखडा.