सातव्या पावलाआधी

नमस्कार मंडळी, बसा, बसा. आता पाच-दहा मिनिटं माझ्याकडे कान द्या.

मी अनघाची आत्या. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. जेकबची आई, आमच्या विहीणबाई सुसम्माताई, मला महिन्याभरापूर्वी म्हणाल्या, "ताई, मुलं सात पावलं चालणार आहेत, काहीतरी म्हणणार आहेत. आमच्या चर्चची माणसं येतील, कोट्टयमहून माझी बहीण येईल. ते काय म्हणतात ते आम्हाला कळायला पाहिजे." मला ते फार पटलं. लग्नात वधूवर काय कबूल करतात हे साक्षीदारांना समजू नये, ही गोष्ट मला नेहमीच खुपत आली आहे. आपण सगळे अक्षता टाकतो, पण मंत्र गुरुजींपाशीच राहतो. आज तसं नको.

ज्यांना माझं मराठी भरभर वाटेल, त्यांच्या शेजारच्यांनी हळूच सांगावं. नागपुरात हे काही नवीन नाही. इथे एका बाकावर तीन भाषा बसतात.

कायद्याप्रमाणे या दोघांचं लग्न गेल्या सोमवारी झालं आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यासमोर एक वाक्य: मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो, मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. मी साक्षीदार होते. साधं, सरळ वाक्य, आणि ते म्हणताना अनघाचा आवाज कापला, ते मी ऐकलं. पण त्या वाक्यात 'पती' आणि 'पत्नी' हे दोनच शब्द आहेत. दोघांना तिसरा एक शब्द हवा होता, म्हणून आजचा हा घाट.

तो शब्द आहे 'सखा'.

आता समोर बघा. तांदळाच्या सात राशी मांडल्या आहेत. सुपारीच्या जागी अनघाने प्रत्येक राशीवर एक संत्रं ठेवलंय, ते तिचं नागपूरपण. सप्तपदीचे पाठ वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळे आहेत. आश्वलायनांच्या गृह्यसूत्रात पहिलं पाऊल अन्नासाठी आहे, दुसरं बळासाठी, तिसरं संपत्तीच्या भरभराटीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. संस्कृत ज्यांना येतं त्यांच्या लक्षात येईल, या सहाही शब्दांना चतुर्थी विभक्ती आहे. आपल्या मराठीत 'साठी'. संसार म्हटला की हे सगळं लागतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्याच पावलाला अन्न आठवलं, हे मला त्या ऋषींचं शहाणपण वाटतं.

मग सातवं पाऊल येतं, आणि तिथे चतुर्थी थांबते. मंत्र म्हणतो, 'सखा सप्तपदी भव'. सातवं पाऊल टाक आणि सखा हो. कशासाठी? मंत्र सांगत नाही. मी हा मंत्र कॉलेजात पाठ केला होता आणि कितीतरी वर्षं नुसता म्हणत होते. वर्गात विभक्ती शिकवताना एका दिवशी फळ्यावर सहा 'साठी' लिहिले, सातव्याजवळ खडू थांबला, तेव्हा मला हे दिसलं. मैत्रीला 'साठी' नाही.

दुसरी एक गोष्ट. हे वाक्य मूळ विधीत नवरदेव नवरीला म्हणतो. मग 'सखी हो' असायला हवं ना? पण मंत्रात 'सखी' नाही, 'सखा' आहे. 'सप्तपदी' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणजे ती वधू आहे याचा विसर पडलेला नाही. तरीही तिला हाक मारली ती 'सखा' म्हणून, बरोबरीच्या सोबत्याला मारावी तशी. माझ्या मुलींना वर्गात मी हे दरवर्षी सांगत असे.

मी इथे काही लपवणार नाही. याच सूत्रात पुढचे शब्द आहेत, 'सा मामनुव्रता भव', माझ्या व्रतामागून चालणारी हो. आणि त्यानंतर पुष्कळ पुत्र मागितले आहेत. अनघाने मला विचारलं, "आत्या, हे मी का ऐकून घेऊ?" मी म्हटलं, नको ऐकूस. आपल्याकडे दुसरा पाठ आहे. तैत्तिरीय शाखेत, आपस्तंबांची परंपरा पाळणाऱ्या घरांत, दक्षिणेत तर आजही सर्रास, सातव्या पावलाला हे म्हणतात. ऐका:

सख्यं ते गमेयम्।
सख्यात् ते मा योषम्।
सख्यान् मे मा योष्ठाः।

तीन छोटी वाक्यं. तुझ्या मैत्रीपर्यंत मी पोचावं. तुझ्या मैत्रीपासून मी तुटू नये. माझ्या मैत्रीपासून तू तुटू नयेस.

'गमेयम्' म्हणजे 'मी जावं, पोचावं'. मैत्री मिळाली, झाली, असं मंत्र म्हणत नाही. अजून तिकडे जायचं आहे. सहा वर्षं एकमेकांना ओळखणारी ही दोन मुलं आज म्हणणार आहेत की आम्हाला अजून पोचायचं आहे. मला यात फार मोठी नम्रता दिसते.

'योषम्' ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ वेगळं होणं, दुरावणं. आणि क्रम बघा. आधी 'मी तुटू नये', मग 'तू तुटू नयेस'. आधी स्वतःला बजावलं, मग समोरच्याकडे मागितलं. आपण भांडणात बरोबर उलटं करतो.

आणखी एक, ज्यासाठी आम्ही हा पाठ धरला. या तीन वाक्यांत स्त्रीलिंग नाही, पुल्लिंग नाही. 'ते' म्हणजे तुझं, 'मे' म्हणजे माझं. एक अक्षरही न बदलता जेकब हे अनघाला म्हणू शकतो आणि अनघा जेकबला. परंपरेत नवरदेवच म्हणतो. आज दोघंही म्हणणार आहेत. आणि या तीन ओळींत कुठल्याही देवाचं नाव नाही, त्यामुळे जेकबला आपल्या प्रार्थनेला बाजूला ठेवावं लागत नाही. थॉमसदादा, तुमच्या चर्चमधल्या वचनात 'मरण वियोग करीपर्यंत' असं येतं. त्यातही भीती दुरावण्याचीच आहे. आमचा मंत्र मरणाबद्दल बोलत नाही, तो रोजच्या दुरावण्याबद्दल बोलतो. दोन्ही एकत्र ठेवले की मला वचन पुरं झाल्यासारखं वाटतं.

सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते, ही समजूत लग्नापुरती नव्हती. पाणिनींनी त्यासाठी वेगळं सूत्रच लिहिलं, 'साप्तपदीनं सख्यम्'. आपल्या रामटेकशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या कालिदासांनीही हा शब्द वापरला आहे. तपाला बसलेल्या पार्वतीशी बोलायला जो बटू येतो तो म्हणतो, सज्जनांची मैत्री साप्तपदीन असते असं जाणते सांगतात. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती सावित्री. वटपौर्णिमेला आपण वडाला सूत गुंडाळतो, पण तिने यमाला काय सांगितलं ते विसरतो. महाभारतात ती सत्यवानाला नेणाऱ्या यमामागे चालत राहते आणि म्हणते, सात पावलं बरोबर चालल्यावर मैत्री होते असं शहाणे सांगतात. ती मैत्री पुढे करून मी आता काही बोलते, ऐक. मृत्यूबरोबर सात पावलं चालून तिने त्यालासुद्धा मित्र करून घेतलं, आणि मग मागणं मागितलं.

काल मेहंदीला बसलो असताना मेश्रामकाकांनी, माझ्या भावाच्या चाळीस वर्षांच्या मित्राने, मला एक गोष्ट सांगितली. आनंद भगवान बुद्धांना म्हणाला, कल्याणमित्र लाभणं म्हणजे अर्धं धर्मजीवन साधलं. बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस आनंदा, ते अर्धं नाही, सगळंच आहे. काका, तुम्ही हे सांगितलंत आणि माझं अर्धं भाषण तिथेच झालं.

आता एकच प्रसंग, दोघांची परवानगी घेऊन. गेल्या मे महिन्यात माझ्या भावाच्या पायाचं हाड मोडलं. आपला मे, बाहेर निघायची सोय नाही. अनघाला बारा-बारा तासांची ड्यूटी. जेकब रोज संध्याकाळी अजनीहून यायचा, अंगणातल्या कूलरची टाकी बादल्यांनी भरायचा, गवताच्या ताट्या ओल्या करायचा आणि भावाशी क्रिकेटवर बोलत बसायचा. मधे चार दिवस या दोघांचं जबरदस्त वाजलं होतं, बोलणं बंद. कशावरून, ते मी विचारलं नाही. पाचव्या दिवशी मी तिथेच होते. जेकब आला. सात बादल्या पाणी भरलं, मी मोजल्या नव्हत्या, पण भावाने पलंगावरून मोजल्या. अनघा ओट्याशी पाठमोरी. तो चपला घालायला लागला तशी ती मागे न वळता म्हणाली, "चहा झालाय. पिऊन जा." तो चपला काढून आत आला. दोघांनी चहा प्यायला, एक शब्द न बोलता. भांडण मिटलं नव्हतं, ते पुढे तीन दिवसांनी मिटलं. मी ओसरीवर बसून मनात म्हटलं, मा योषम्. मा योष्ठाः. याचा अर्थ मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत होते.

सुसम्माताई, तुमच्या बहिणीला हे नक्की सांगा. त्या संध्याकाळी तुमच्या मुलाला हा मंत्र माहीत नव्हता.

चला, अनघा, जेकब, उठा. राशींकडे तोंड करा, ईशान्येला. दोघांनी उजवं पाऊल आधी टाकायचं, राशीला हळूच स्पर्श करून पुढे. सहा पावलांना मी शब्द सांगेन, तुम्ही मागून म्हणा. सातव्याला मी गप्प राहीन. तिथे जेकब आधी म्हणेल, अनघाकडे बघून, तिन्ही वाक्यं. मग अनघा, तीच तिन्ही. गडबड करू नका, 'गमेयम्'चा 'म्' पुरता ऐकू येऊ द्या.

मंडळी, मोबाइल थोडा वेळ खाली ठेवा. तुम्ही साक्षीदार आहात, आणि आता काय म्हटलं जाणार ते तुम्हाला माहीत आहे.

इष एकपदी भव. हं, अनघा, पाऊल.