रेझ्युमे मूल्यांकन : लीड इंजिनिअर, पेमेंट्स प्लॅटफॉर्म

नमस्कार,

नऊ वर्षं अनुभव असलेल्या सीनिअर इंजिनिअरचा रेझ्युमे जाहिरात शेजारी ठेवून दोनदा वाचला. माझं मत : मुलाखतीला बोलवा, आणि लीडसाठीच बोलवा. पाचपैकी गुण द्यायचे तर डिझाइन 4, जबाबदारी 4, स्केल 2.

स्केलला 2 का, ते आधी सांगते. ‘रोज 20 लाख व्यवहार’ ही ओळ ठळक अक्षरांत सगळ्यात वर आहे. दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे सरासरी सेकंदाला 23 व्यवहार. गर्दीच्या वेळी दहापट धरले तरी 230. आपण जाहिरातीत 2,000 मागितलेत. सेकंदाला 230 चा भार इंडेक्स नीट असलेला एकच पोस्टग्रेस सर्व्हर सहसा पेलतो. मग रेझ्युमेत लिहिलेलं शार्डिंग कशासाठी केलं? डेटा फार साठला असेल तर ते पटेल, पण तसं कुठे लिहिलेलं नाही. पी-99 लेटन्सीही दिलेली नाही.

खरी चमक शेवटच्या पानावरच्या दोन ओळींत आहे. बँकेकडून टाइमआउट आला की रिट्राय व्हायचा आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायचे. यांनी आयडेम्पोटन्सी की आणली, डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट लावला, आणि निकाल न कळलेले व्यवहार ‘पेंडिंग’ ठेवून रात्री बँकेच्या फाइलशी जुळवले. टाइमआउट म्हणजे फेल नव्हे, हे पेमेंट्समध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांनाही चुकताना मी पाहिलंय. ही ओळ वाचून मला मनापासून आनंद झाला.

त्याच पानावर ‘काफ्कावर एक्झॅक्टली-वन्स’ असाही दावा आहे. ती हमी काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती असते. बँकेला केलेला कॉल तिच्यात येत नाही. हे त्यांना ठाऊक आहे का, ते विचारायलाच हवं.

जबाबदारीबद्दल : अकरापैकी सात मुद्द्यांत नुसतं ‘सहभाग’ आहे, त्यातून काही कळत नाही. पण या दुहेरी कपातीच्या कामात डिझाइन डॉक्युमेंट त्यांचं, 5 टक्के ट्रॅफिकपासून केलेला रोलआउट त्यांचा, पुढचे सहा महिने ऑन-कॉलही त्यांचाच. स्वतःच्या चुकीच्या कॉन्फिगमुळे सिस्टिम 40 मिनिटं बंद पडली, हेही त्यांनी लिहिलंय. असं रेझ्युमेत लिहायला धैर्य लागतं, म्हणून 4.

उणीव एक, आणि ती मोठी. आपल्याला सहा जणांची टीम सांभाळणारं आणि इतर टीमशी बोलून निर्णय तडीस नेणारं माणूस हवंय. इथे फक्त दोन ज्युनिअरना मार्गदर्शन केल्याचा उल्लेख आहे. मॅनेजरच्या फेरीत याच्यावरच भर द्या.

सिस्टिम डिझाइनची फेरी मी घेते, गुरुवारी दुपारी 3 नंतर मोकळी आहे. नवा काल्पनिक प्रश्न देणार नाही. त्यांचीच सिस्टिम सेकंदाला 2,000 व्यवहारांवर नेली तर आधी काय मोडेल, ते फळ्यावर मांडायला सांगेन. तसं त्यांना आधी कळवा, म्हणजे जुने आकडे आठवून येतील.