मामा, तुमच्या मोबाइल बिलाचा मराठीत अर्थ

मामा, बिलाचा फोटो मिळाला. ५४९चा प्लॅन असून बिल अडीच हजार कसं, शिनोळीला गेल्यामुळं का, असं विचारलंत. दोन्ही पानं नीट वाचली, खालची बारीक अक्षरंसुद्धा मोठी करून वाचली. पहिलं सांगते, शिनोळीला गेल्यामुळं एक रुपयाही वाढलेला नाही. सीमेवरची बाची ओलांडली की फोनवर ‘रोमिंग’ येतं, कारण आपलं सिम कर्नाटकातलं आणि तिथला टॉवर महाराष्ट्र-गोवा विभागातला. पण बिलात ‘नॅशनल रोमिंग’पुढं ०.०० लिहिलंय. तेव्हा चंदगडला, कोल्हापूरला जाताना फोन बंद करून ठेवू नका. मामी काळजी करत बसतात.

आता वरपासून बघा. डाव्या चौकटीत ‘बिलाचा काळ १२ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर’ आहे. त्याखाली मागचं बिल ६४७.८२ रुपये, तुम्ही भरलेले ६४७.८२, म्हणजे जुनी बाकी काही नाही. उजवीकडं जाड अक्षरात आताची एकूण रक्कम २,५४५.०८ रुपये. भरायची शेवटची तारीख २९ सप्टेंबर.

पहिली ओळ, महिन्याचं भाडं ५४९ रुपये. हे पुढच्या महिन्याचं आगाऊ भाडं आहे, १२ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबरचं. त्याखालचा सगळा वापर मात्र मागच्या महिन्याचा. दुकानदारानं ५४९चा प्लॅन म्हणून सांगितलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. पाठीमागं तारा काढून लिहिलंय, ‘दरात कर समाविष्ट नाही’. ५४९वर १८ टक्के जीएसटी चढला की ६४७.८२ होतात. म्हणजे काहीही जास्त न वापरता तुमचं बिल साडेसहाशेच्या घरात येणार, हे धरूनच चाला.

दुसरी ओळ, जादा डेटा १६३.८४ रुपये. तुमचा आणि मामींचा नंबर एकाच प्लॅनात आहे आणि दोघांत मिळून ५० जीबी. वापर झाला ५८. आकडे फोडून सांगायचे तर असे आहेत: तुमचे १२, मामींच्या फोनवर ४६. नातू सुट्टीच्या दिवशी तोच फोन घेऊन बसतो ना? मोठ्या पडद्यासारखा स्वच्छ व्हिडिओ लावला की तासाला जीबी-दीड जीबी सहज जातो. ५०च्या वर गेल्यावर दर आहे ‘एमबीला २ पैसे’. ऐकायला काहीच वाटत नाही, पण एका जीबीत १०२४ एमबी असतात, म्हणजे जीबीला २० रुपये ४८ पैसे. आठ जीबीचे झाले १६३.८४. पुढं ‘अनलिमिटेड’ छापलंय ते फक्त देशातल्या कॉलसाठी आहे, डेटासाठी नाही. मेसेजही दिवसाला १०० पर्यंतच.

तुम्ही सोबत कन्नड मेसेजचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, ही जाहिरात आहे का? नाही हो मामा, ती सूचनाच होती. त्यात लिहिलंय, ‘आपला डेटा ९० टक्के वापरून झाला आहे. मर्यादेनंतर एमबीप्रमाणे आकार लागेल.’ लिपी वाचता येत नाही म्हणून तुम्ही तो पुसायला निघाला होतात. असा मेसेज आला की मला लगेच पाठवा, रात्री दहाला आला तरी.

आता खरा मार. ‘इंटरनॅशनल रोमिंग’, १,२९५ रुपये. अर्ध्याहून जास्त बिल इथंच आहे. ताईच्या बाळाच्या बारशाला दुबईला उतरलात तो २० ऑगस्ट. विमानतळावर तुम्ही फोन चालू केलात आणि घरून ‘पोचलात का’ विचारायला चार फोन आले. आपल्याला वाटतं, आलेला फोन फुकटच. देशात फुकट, पण परदेशात सिम तिथल्या कंपनीच्या टॉवरवर बसतं आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागतात. पॅक घेतलेला नव्हता, म्हणून मिनिटाला ७५ रुपये लागले. पान दोनवर कॉल मोजले आहेत: १ मिनिट ४ सेकंद, ३८ सेकंद, ३ मिनिटं १२ सेकंद, १ मिनिट ५० सेकंद. सगळं मिळून बोलणं ७ मिनिटांच्याही आत. पण ‘आकारणी पूर्ण मिनिटात’ अशी अट आहे. चार सेकंद जास्त झाले की दुसरं मिनिट धरतात. म्हणून २, १, ४ आणि २, अशी ९ मिनिटं. ९ गुणिले ७५, ६७५ रुपये.

राहिले ६२० रुपये, ते डेटाचे. ६२ एमबी, एमबीला १० रुपये. तुम्ही काही उघडलंच नाही म्हणता, आणि ते खरंच आहे. पण ‘डेटा रोमिंग’ चालू होतं, त्यामुळं गावच्या ग्रुपवरचे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरत राहिले. इथं ६२ एमबी म्हणजे सव्वा रुपया. ताईच्या घरी जाऊन वायफाय लागल्यावर तिनं ते बंद केलं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

‘विलंब शुल्क’ १०० रुपये. मागचं बिल २९ ऑगस्टपर्यंत भरायचं होतं, तुम्ही परत येऊन २ सप्टेंबरला भरलंत. हे भांडून सुटणारं नाही, सोडून द्या.

पण ‘मूल्यवर्धित सेवा, ४९ रुपये’ ही ओळ मला पटलेली नाही. मागं लिहिलंय, ‘रद्द करेपर्यंत दरमहा आपोआप चालू राहील.’ कुठल्याशा क्रिकेट बातम्यांची सेवा आहे. तुम्ही कधी मागितली? फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायच्या नियमानुसार अशी सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. चुकून बोट लागलं म्हणून चालत नाही.

या सगळ्याची बेरीज २,१५६.८४, त्यावर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा जीएसटी, प्रत्येकी १९४.१२. झाले २,५४५.०८. बेरीज मी दोनदा केली, बरोबर आहे.

आता काय करायचं? उद्या सकाळी 155223 ला फोन लावून ती क्रिकेटची सेवा बंद करा. मग 198 वर तक्रार द्या: ‘मी संमती दिली नव्हती, ४९ रुपये करासहित परत करा’, म्हणजे ५७.८२. तक्रार क्रमांक मेसेजनं येईल, तो वहीत लिहून ठेवा. त्यांनी ऐकलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, आणि तिथं तो क्रमांकच मागतात. कन्नडात बोलायला अडचण आली तर मला कॉलमध्ये घ्या, मी बोलते. बिल मात्र पूर्ण भरा, २९ तारखेच्या आधीच. नाहीतर पुन्हा १०० रुपये लागतील. परत मिळतील ते पैसे पुढच्या बिलात वजा होतात.

दिवाळीनंतर मामींना घेऊन परत दुबईला जायचं म्हणताय ना? निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही फोन घेऊन शहापूरला घरी या. दोन्हीतलं डेटा रोमिंग मी बंद करून देते आणि तेवढ्याच दिवसांचा पॅक बघूया. त्याचे दिवस विमानतळावर उतरल्यापासून मोजतात की घेतल्यापासून, हे वाचूनच घ्यायचं. आणि या शनिवारी नातवाच्या हातातल्या फोनवर व्हिडिओची प्रत ‘कमी’वर ठेवायची तेवढी राहिली आहे. मी उचगावला येणारच आहे, तेव्हा करते.

तुमची भाची